मीठ कुणी घालायचं

चैत्राचं ऊन औरंगाबादच्या दरवाज्यांवर चढलं होतं आणि रमजानही त्याच उन्हात येऊन बसला होता. खडकेश्वरला बद्रीनाथ मास्तरांच्या ओसरीत शेगडी पेटली होती. शेगडीसमोर मुनिरा उभी होती, हातात एक कागद घेऊन. कागद तिला हुकूम करत होता आणि ती ऐकत होती.

पोलीस ॲक्शन होऊन बरीच वर्षं झाली होती. निजामाचे रुपये गेले, मग हैदराबादही दूर गेलं, गेल्या दिवाळीपासून जिल्हा मुंबई राज्यात आला. मुनिरा मुलींच्या उर्दू शाळेत शिवणकाम शिकवायची. सुई मराठीतही तशीच चालते, पण खात्याचा कागद आला होता: सुट्टीआधी मराठीची परीक्षा द्या, पास व्हा, तरच नोकरी कायम. नवरा हैदर हिमरू विणायचा. हिमरूच्या शेरवान्या घालणारे आता कुठं होते? माग आठवड्यातून दोन दिवस वाजायचा. बाकीचे दिवस घर मुनिराच्या पगारावर चालायचं.

म्हणून ती शाळा सुटल्यावर मास्तरांकडं यायची. तिच्याबरोबर चित्रकलेचे शिक्षक चांदपाशा यायचे. ते मराठी फर्डं बोलायचे आणि लिहायला बसले की घामाघूम व्हायचे.

पाठ होता आज्ञार्थाचा. मास्तरांनी फळ्यावर लिहिलं होतं: मी घालू, तू घाल, तुम्ही घाला, तो घालो. खाली: घालू नको, घालू नका. परीक्षेत आधी दुसऱ्यानं लिहिलेली कृती वाचून पदार्थ करायचा, मग स्वतः एक साधी कृती लिहायची आणि ती तिसऱ्यानं करून दाखवायची. मास्तरांचा एकच नियम होता. कागदावर आहे ते करायचं. नाही ते करायचं नाही.

"आणि कुणी बोलायचं नाही," ते बायकोकडं बघून म्हणाले.

मनकर्णाबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्यांनी पदराचा बोळा करून तोंडावर धरला. कागद त्यांच्याच पन्ह्याचा होता. त्यांनी सांगितलं, मास्तरांनी लिहिलं.

मुनिरानं वाचलं. "कैऱ्या धुवा. कैऱ्या उकडा." धुतल्या, उकडल्या. "साल काढा. गर काढा." साल तिला समजलं. गर म्हणजे कोय की कोयीवरचं ते पिवळं? तिनं चांदपाशांकडं पाहिलं, चांदपाशांनी आढ्याकडं. मनकर्णाबाईंनी उंबऱ्यावरूनच हवेत काहीतरी पिळून दाखवलं.

"अहो, बोलू नका म्हटलं ना!" मास्तर ओरडले.

"मी कुठं बोलले? हात बोलला."

गर निघाला. गूळ किसला, वेलदोडे कुटले. पुढची ओळ आली: चिमूटभर मीठ घाला. मुनिरा ओळ मोठ्यानं वाचून पातेल्यापासून एक पाऊल मागं सरली. मिठाची बरणी पुढंच होती. चांदपाशांनी वाट पाहिली, मग स्वतःच चिमूट सोडली.

"का हो मुनिराबाई, मीठ चावतं का?"

"नाही. तसंच," ती म्हणाली. ती का मागं सरली हे तिलाही कळलं नाही.

शेवटची ओळ होती: चाखून पाहा, कमी असेल ते घाला.

मुनिरा थांबली. चांदपाशाही थांबले. दोघांच्या ओठांवर सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता.

"चाखा की," मास्तर म्हणाले.

"रोजा आहे, मास्तर साब."

मास्तर गांगरले. "मग... मग ती ओळ सोडा."

"पण कागदावर आहे," मुनिरा म्हणाली. "कागदावर आहे ते करायचं. तुम्ही म्हणालात."

"बरोबर आहे. म्हणालो." मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुम्ही चाखा हो," ते बायकोला म्हणाले.

मनकर्णाबाईंनी तोंडावरचा पदर खाली केला. "अन् मी कशी चाखू? आत गौर बसलीय. तिला नैवेद्य दाखवल्याबिगर चैत्रातलं पन्हं जिभेवर ठेवीन व्हय?"

"मग 'चाखून पाहा' असं सांगितलं कशाला?"

"मी नाही सांगितलं. तुम्हीच लिहिलं. म्हणालात, पुस्तकात असतं."

पन्हं तसंच राहिलं. ओसरीत चार माणसं, मधोमध एक पातेलं, आणि ते बरं झालंय की नाही हे कुणालाच सांगता येईना. चांदपाशा आधी हसले. मग मनकर्णाबाई हसल्या. मुनिरा हसली नाही. तिच्या डोक्यात एक गोष्ट फिरत होती.

"मग तुम्हाला कळतं कसं, मीठ किती?"

मनकर्णाबाई सांगायच्या ऐवजी गुणगुणल्या. लहानपणी फुलंब्रीला आईच्या मांडीला मांडी लावून जात्यावर बसायच्या, मुठीनं दाण्यांची वैरण घालायच्या, तिथली ओवी:

*सांग सांग जात्या, वैरण किती घालू*
*हाताला विचार बाई, मला नको बोलू*

"हाताला इचारायचं," त्या म्हणाल्या. "हात सांगतो."

मुनिरानं आपल्या हाताकडं पाहिलं. हात गप्प होता.

*

कागद वाचून करणं एक आणि कागद लिहिणं दुसरं. दुसऱ्या पाठाला मुनिरानं खिचडी लिहून आणली. मास्तरांनी वाचली आणि डोकं खाजवलं.

"हे काय? 'मी कांदा चिरू. मी तेल घालू. मी डाळ घालू.' अहो, हे तुम्ही विचारताय. सांगत नाही."

मुनिराला फरक दिसेना. घरात ती असंच बोलायची. लग्न होऊन चेलीपुऱ्यात आली तेव्हापासून. अम्मी, चूल पेटवू? अम्मी, चावल धुऊ? अम्मी, दस्तरखान घालू? त्यावर सासू, जैतुनबी, "हौ" म्हणायची किंवा "नक्को". आपल्यापेक्षा मोठ्या माणसाला हे कर, ते कर असं कसं म्हणायचं? आणि परीक्षा घ्यायला येणारी बाई तर पुण्याची, मोठी.

"'तुम्ही' लावा. 'घाला' म्हणा. त्यात मान आहे," मास्तर म्हणाले.

"मान देऊन हुकूम?"

"तसंच समजा."

चांदपाशांनी लिहिलं होतं: चहा ठेव. साखर टाक. बशी आण. गप बस. मास्तरांनी ते वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्या घरी मला असंच सांगतात. मला वाटलं हेच मराठी."

मुनिरानं पुन्हा लिहिलं. या वेळी गोष्टीसारखं झालं: अम्मी बसते, मी कांदा चिरते, तेल तापतं. मास्तर म्हणाले, छान आहे, पण हे ऐकून कुणी उठणार नाही. ज्याला भूक लागलीय आणि काही येत नाही, असा माणूस डोळ्यापुढं आणा. त्याला उठवा.

ती वाटेवरची बोलणी ऐकत ऐकत घरी गेली. गल्लीत एक आई पाळणा हलवत होती. नीज, ती म्हणत होती, नीज रे. पाणी भरणारी दुसरीला म्हणाली, धर गं, उचल. मुनिरा थांबली. सगळं गावच एकमेकांना हुकूम करत होतं आणि कुणीच रागावत नव्हतं. मग तिलाच का जमत नाही?

तिसऱ्यांदा लिहिताना तिनं भुकेला माणूस डोळ्यापुढं आणला. तो हैदर होता. मागावरून उठून, बोटं मोडत, रिकाम्या चुलीपुढं उभा. त्याला तिनं मनातल्या मनात सांगितलं आणि कागदावर आपोआप उतरलं:

*तांदूळ घ्या. त्याच्या निम्मी मसुराची डाळ घ्या. दोन्ही निवडा, धुवा, भिजत ठेवा. कांदा उभा चिरा. पातेलं चुलीवर ठेवा, तेल घाला. कांदा लाल होईपर्यंत परता, जाळू नका. आलं-लसूण वाटून घाला. हळद घाला. तांदूळ-डाळ घालून परता. दुपटीपेक्षा थोडं जास्त पाणी घाला. उकळी येऊ द्या. झाकण ठेवा, जाळ कमी करा. मऊ होईपर्यंत झाकण उघडू नका. खाली उतरवा.*

मास्तरांनी वाचलं. एकदा, दोनदा. लाल पेन्सिल उचलली आणि खाली ठेवली. एकही चूक नव्हती.

"आज मी करतो," ते म्हणाले. त्यांनी जन्मात चूल पेटवली नव्हती. धोतराचा काचा मारून ते मुनिरानं घरून आणलेल्या पातेल्यापुढं बसले. कांदा चिरताना रडले, आलं-लसूण वाटताना धापा टाकल्या, पण कागद सोडला नाही. मनकर्णाबाई तोंडावर पदर धरून उंबऱ्यावर. मधे एकदा त्यांनी पदर खाली घेतला, काही बोलणार तोच मुनिराच्या कोरड्या ओठांकडं त्यांची नजर गेली. त्यांनी पदर पुन्हा वर घेतला.

खिचडी झाली. पिवळी, मोकळी, वाफाळणारी. गंध ओसरीभर पसरला. कागदावर 'चाखा' नव्हतं, म्हणून मास्तरांनीही चाखली नाही. मास्तर म्हणाले, "मुनिराबाई, तुमचा हुकूम मी पाळला आणि अन्न झालं! परीक्षेत हेच लिहा. एक अक्षर बदलू नका."

ती पातेलं फडक्यात बांधून घरी निघाली. पाय जमिनीला लागत नव्हते.

*

संध्याकाळी अजान झाली. जैतुनबीनं तिच्या रीतीप्रमाणे मिठाचा कण जिभेवर ठेवून रोजा सोडला. हैदरनं खजूर खाल्ला. मुनिरानं खिचडी वाढली आणि सांगितलं, ही हिंदू मास्तरांनी केलीय, माझा कागद वाचून.

हैदरनं घास घेतला. दुसरा घेतला. मग तो सावकाश चावू लागला, जसं कुणी हरवलेली वस्तू तोंडात शोधतंय.

"क्या हुआ?" मुनिरानं विचारलं.

"अच्छी है," तो म्हणाला. तो खोटं बोलतोय हे भिंतीलाही कळलं असतं.

मुनिरानं स्वतः घास घेतला. खिचडी अळणी होती. कागदावर मीठ नव्हतं.

तिनं कागद काढला, दिव्याजवळ धरला. घ्या, निवडा, धुवा, चिरा, परता. मीठ कुठंच नव्हतं. एवढी ओळ ती कशी विसरली? मग तिला आठवलं की ती विसरली नव्हती. तिला ते माहीतच नव्हतं. या घरात मीठ ती कधी घालतच नव्हती. ती सगळं करायची, चुलीपासून एक पाऊल मागं सरायची, जैतुनबी यायची, मूठ उघडायची, निघून जायची. कुणी काही बोलत नसे. माहेरी नानी तसंच करायची. आंघोळीनंतर केस वाळावेत तसं या घरात मीठ पडत असे. ते कुणाचं काम आहे हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

आणि मास्तर? ते तर भाषेचे माणूस. मनकर्णाबाई का बोलल्या नाहीत?

सकाळी शाळेत जाता जाता तिनं खडकेश्वर गाठलं. मनकर्णाबाई सडा घालत होत्या.

"मीठ नव्हतं, बाई."

"मला दिसलं की," त्या म्हणाल्या. "पण तुमचा उपवास. आमच्यात अळणी उपवास असतोय. म्हटलं, तुमच्यात रमजानाला अळणीच खात असतील. देवाधर्माचं कसं इचारायचं?"

आतून मास्तरांचा आवाज आला, "मलाही तसंच वाटलं!"

मुनिराला हसावं की रडावं कळेना. दोन शहाणी माणसं तिच्या मानापायी गप्प बसली होती. आणि परीक्षा परवावर आली होती.

"मग आता घाला की ओळ," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मीठ घाला. झालं."

"किती?"

मनकर्णाबाईंनी तोंड उघडलं, हात हवेत उचलला, बोटं जुळवली, सोडली. "म्हणजे... अंदाजानं," त्या म्हणाल्या. "आता बघा, माझं पातेलं येगळं, तुमचं येगळं. तुमच्या पातेल्याचं मी कसं सांगू? तुमच्या सासूबाईला इचारा."

*

सासूला विचारणं. ते सगळ्यात अवघड होतं.

दुपारी जैतुनबी खाटेवर तसबीह घेऊन बसली होती. मुनिरानं कागद पुढं ठेवला आणि विचारलं, "अम्मी, खिचडीत नमक कित्ता?"

तसबीहचे मणी थांबले. "कायको?"

"लिहायचंय. इम्तिहानसाठी."

जैतुनबीनं कागद बाजूला सारला. मग म्हणाली, "दुल्हन, मी अजून जिती हूँ."

मुनिरा घाबरली. असं कुठं म्हटलं होतं तिनं? पण विचारता विचारता तिला कळलं की आपण कशाला हात घातला. दागिने कपाटात होते, कपाटाची किल्ली हैदरकडं. पगार मुनिराचा. घर मागाचं, माग बापजाद्यांचा. जैतुनबीच्या हातात काय उरलं होतं? मिठाची बरणी.

"तसं नाही, अम्मी. फक्त सांगा. मी लिहिते."

"मी काय सांगू? मी कधी सांगितलं नाय. माझ्या सासूनं मला नाय सांगितलं. ती मेली त्या दिवशी मी घातलं." जैतुनबीनं डोळे पुसले, मग चिडली. "मूठभर लिख."

"कुणाची मूठ?"

"माझी!"

"परीक्षेत तुम्ही नसणार, अम्मी. कुणी दुसराच करणार. त्याची मूठ मोठी असली तर?"

जैतुनबी गोंधळली. तिच्या मुठीशिवाय जगात दुसरी मूठ असेल हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. ती उठली, चुलीकडं गेली, बरणी उचलली, परत ठेवली. पातेल्यात वाकून पाहिलं. पातेलं रिकामं होतं. "रिकाम्या भांड्यात कसं कळणार? वाफ नाय, वास नाय."

मग दोघींनी खिचडी चढवली. रोज्याच्या तोंडानं, उन्हाच्या वेळी, इफ्तारला अजून बराच अवकाश असताना. मुनिरा कागद वाचत गेली आणि करत गेली. पाणी उकळलं. मुनिराचा पाय आपोआप मागं सरला. जैतुनबी पुढं आली, तिनं बरणीत हात घातला, मूठ बाहेर काढली आणि मधेच थांबली. पातेल्यावर मूठ, मुठीत मीठ, आणि ती तशीच उभी.

"हात पुढं कर," ती म्हणाली.

"अम्मी, मीठ हातावर देत नाहीत. भांडण होतं म्हणतात."

"होऊ दे. कर."

तिनं मुठीतलं मीठ मुनिराच्या तळहातावर ओतलं. तळहाताचा खळगा भरला, कडेपर्यंत आलं, सांडलं नाही. दोघी त्या खळग्याकडं बघत राहिल्या. मुनिराला वाटलं, हाताला विचारायचं म्हणजे हेच का? पण हात तर अजूनही काही सांगत नव्हता, फक्त जड झाला होता.

"घालू?" तिनं विचारलं. सवयीनं.

जैतुनबीनं "हौ" म्हटलं नाही, "नक्को" म्हटलं नाही. तोंड फिरवून म्हणाली, "घाल."

*

परीक्षा शाळेच्या आवारात लिंबाखाली झाली. पुण्याच्या बाई खुर्चीवर, समोर शेगड्यांची रांग. मुनिराचा कागद लासूर स्टेशनच्या पुंजाराम मास्तरांच्या वाट्याला आला. ते घरी मराठीच बोलायचे, पण निजामाच्या शाळेत शिकल्यामुळं लिहायला उर्दूच यायचं, म्हणून तेही परीक्षेला बसले होते. ते एकेक ओळ बोटानं धरून वाचत होते. हळद घाला, घातली. डाळ घाला, घातली. पाणी, उकळी. मग ते अडखळले.

"बाईसाहेब, इथं लिहिलंय, 'तळहात पसरा. खळगा भरेल इतकं मीठ घ्या. घरात मोठी बाई असेल तर तिला विचारा. मग घाला.'" पुंजारामांनी इकडंतिकडं पाहिलं. "मोठी बाई कुठनं आणू?"

सगळे हसले. परीक्षक बाईंनी कागद मागवला. वाचला. मुनिराकडं वर पाहिलं.

"ही सूचना कशासाठी?"

"मीठ चाखता येत नाही तेव्हा," मुनिरा म्हणाली. तिचं मराठी तुटत होतं. "म्हणजे... ज्याचा रोजा आहे, तो चाखणार नाही. ज्याला देवाला दाखवायचं आहे, तो पण नाही. मग विचारायला पाहिजे."

"आणि घरात मोठी बाई नसेल तर?"

मुनिरानं बाईंच्या हातातल्या कागदाकडं पाहिलं. ते तिनं लिहिलंच नव्हतं. परीक्षक बाई पुंजारामांकडं वळून म्हणाल्या, "मला विचारा."

पुंजारामांनी हात जोडून विचारलं, "घालू का, बाईसाहेब?"

"घाला."

खिचडी झाली. बाईंनी चमचाभर चाखली. चेहऱ्यावरून काही कळेना. वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "या आता. पुढच्यांना पाठवा." मुनिरा बाहेर आली तेव्हा तिला कळत नव्हतं की आपण पास झालो की आपल्याला घालवलं. संध्याकाळपर्यंत ती तशीच फिरत होती. अजानेच्या थोडं आधी चांदपाशा सायकल दामटत गल्लीत आले. "दोघंही!" ते ओरडले. "तुम्ही पहिल्या! माझ्या 'गप बस'चा मार्क कापला, तरी पास!"

त्या संध्याकाळी मुनिरानं खिचडीच केली. घाईत, हसत, हैदरशी बोलत. पाणी उकळलं तेव्हा ती मागं सरली नाही. तळहात पसरला, खळगा भरला, घातलं. मग ती दस्तरखान घालायला गेली.

रोजा सुटला. हैदरनं घास घेतला आणि पाण्याचा गडू उचलला. एक घोट, दुसरा घोट.

"अब क्या हुआ?"

"कुछ नहीं," हैदर म्हणाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मुनिरानं जैतुनबीकडं पाहिलं. जैतुनबीनं मुनिराकडं.

"मी घातलं होतं. तूपण घातलं?"

"तुम्हीच तर 'घाल' म्हणालात."

"ते त्या दिवसाचं म्हणाले. आजचं नाय." जैतुनबीनं घास तोंडात घातला, तिचंही तोंड वाकडं झालं, आणि मग तिला हसू फुटलं, एवढं की ठसका लागला. मुनिरानं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"मग उद्या, अम्मी?"

जैतुनबीनं ओल्या डोळ्यांनी बरणीकडं पाहिलं. बरणी दोघींच्या मधे, चुलीच्या कडेला होती.

"उद्या विचार," ती म्हणाली.